एक पिव्होट, अनेक टेबलं: एक्सेलच्या डेटा मॉडेलची पार्श्वभूमी

माहिती वेगवेगळ्या टेबलांत ठेवायची आणि समान कॉलमने जोडायची, ही कल्पना एक्सेलपेक्षा जुनी आहे. आयबीएममधले ई. एफ. कॉड यांनी ती 1970 साली मांडली. वस्तूचं नाव एकाच ठिकाणी लिहा, बाकी सगळीकडे फक्त तिचा कोड वापरा, म्हणजे नाव बदललं तरी एकाच जागी दुरुस्ती. डेटाबेसच्या दुनियेत ही शिस्त पुढे रुळली.

लांब यादीचा गटवार सारांश काढणारं पिव्होट टेबल एक्सेलमध्ये आलं ते 1993 साली, पाचव्या आवृत्तीत. त्याला मात्र एकच सपाट यादी लागायची. डेटाबेसमध्ये आधीच जोडून आणलेली माहिती किंवा तयार क्यूब, म्हणजे सारांशासाठी आधीच रचून ठेवलेली माहिती, वापरता येई, पण त्यासाठी जाणकार माणूस हवा. शीटवरच काम करणाऱ्यांनी VLOOKUP चा आधार घेतला: विक्रीच्या प्रत्येक ओळीसमोर वस्तूचं नाव, गट, कंपनी ओढून आणायची आणि मग त्या लांबलचक यादीवर पिव्होट काढायचा. लाखभर ओळी असल्या की लाखो सूत्रं, फाइल जड, आणि मूळ यादीत मध्येच एखादा कॉलम घुसवला की सूत्रातला कॉलम क्रमांक चुकायचा.

ही कोंडी फोडली पॉवरपिव्होटने. ‘जेमिनी’ या सांकेतिक नावाने मायक्रोसॉफ्टमध्ये सुरू झालेलं हे काम एक्सेल 2010 साठी वेगळं ॲड-इन म्हणून बाहेर आलं. त्यातलं व्हर्टिपॅक इंजिन माहिती ओळीऐवजी कॉलमनुसार साठवतं. कॉलममधलं प्रत्येक वेगळं मूल्य एकदाच नोंदवून पुढे फक्त त्याचा क्रमांक ठेवतं, त्यामुळे पुनरावृत्ती फार असलेली माहिती खूप कमी जागेत मावते. टेबलं जोडताना नावं कॉपी करावीच लागत नाहीत. एक्सेल 2013 पासून हेच इंजिन ‘डेटा मॉडेल’ म्हणून एक्सेलच्या आतच आलं आणि पिव्होट बनवताना Add this data to the Data Model ही खूण दिसू लागली.

एका कृषी सेवा केंद्राचा हिशेब घेऊ. तीन टेबलं आहेत: विक्री, खरेदी आणि वस्तू. वस्तू टेबलात कोड, नाव आणि गट आहे. इतर दोन्हींत तारीख, कोड आणि रक्कम. Ctrl+T ने प्रत्येकाचं टेबल करून नाव दिलं, तिन्ही मॉडेलमध्ये घेतली आणि जोड न देता गट ओळींत आणि विक्रीची रक्कम बेरजेसाठी टाकली, तर पिव्होट असं दिसेल: खत 2,00,000, बियाणे 2,00,000, एकूणही 2,00,000. प्रत्येक ओळीत तोच आकडा आला, की जोड नाही असं समजावं. Data मधल्या Relationships मध्ये जाऊन विक्रीचा कोड वस्तूच्या कोडशी जोडला, की खत 1,20,000 आणि बियाणे 80,000 असे खरे आकडे पडतात.

जोड नाकारली गेली, तर बहुतेक वेळा दोष वस्तू टेबलात असतो. जोडीच्या एका बाजूला तरी प्रत्येक कोड एकदाच यायला हवा. एकाच कीटकनाशकाच्या 250 आणि 500 मिलीच्या बाटल्यांना एकच कोड देऊन दोन ओळी लिहिल्या असतील, तर कोणती ओळ घ्यायची हे इंजिनाला कळणार नाही. जोड झाली तरी गटांत (blank) अशी ओळ दिसली, तर विक्रीत असा कोड आहे जो वस्तूंच्या यादीतच नाही. VLOOKUP अशा ठिकाणी #N/A दाखवायचा; इथे ती रक्कम एकत्र समोर येते, आणि मला हे जास्त उपयोगी वाटतं.

खरेदी जोडताना मात्र अनेकांची गफलत होते. विक्री आणि खरेदी थेट एकमेकांना जोडता येत नाहीत, कारण कोड दोन्हींत पुन्हा पुन्हा येतो. दोन्ही वस्तू टेबलाला जोडायच्या. त्यानंतरही ओळींत विक्री टेबलातला कोड टाकला, तर विक्री बरोबर फुटते, पण खरेदीचा एकूण आकडा प्रत्येक ओळीत तसाच छापून येतो. गाळणी, म्हणजे फिल्टर, एकेरी कोडाच्या बाजूकडून, म्हणजे वस्तूकडून विक्री आणि खरेदीकडे जाते. आपोआप उलट जात नाही. म्हणून ओळींत वस्तू टेबलातलाच कोड, नाव किंवा गट घ्यायचा. पॉवर पिव्होटच्या खिडकीत विक्री आणि खरेदी टेबलांतल्या कोडच्या कॉलमवर Hide from Client Tools केलं, की ते फील्डच्या यादीत दिसतच नाहीत आणि चुकीचा कोड ओढला जात नाही.