मूळव्याधीला रबर बँड की ऑपरेशन? ठरवते गुदद्वारातली एक रेषा

गुदद्वाराच्या आत, कडेपासून साधारण दोन सेंटिमीटर वर, एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या भागाला कापल्याची किंवा चिमटा घेतल्याची वेदना जवळजवळ होत नाही. खालचा भाग मात्र बोटाच्या कातडीइतकाच दुखरा असतो. मूळव्याधीला रबर बँड लावायचा की ऑपरेशन करायचं, हे बहुतेक वेळा या रेषेवर ठरतं.

डॉक्टर आतल्या मूळव्याधीचे चार टप्पे मानतात. पहिल्यात फक्त रक्त पडतं. दुसऱ्यात कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसऱ्यात तो बोटाने आत ढकलावा लागतो आणि चौथ्यात ढकलूनही आत राहत नाही. दुसऱ्या टप्प्यात आधी बँड आणि चौथ्यात ऑपरेशन, यावर फारसा वाद नाही. खरा पेच तिसऱ्या टप्प्यात पडतो.

दारव्हा तालुक्यातला पन्नाशीचा एक कपाशीवाला शेतकरी डोळ्यासमोर आणा. दोन वर्षांपासून त्याला संडासच्या वेळी रक्त जातं आणि कोंब हाताने आत घालावा लागतो. वावरात चालताना धाप लागते, कारण हिमोग्लोबिन ९ वर आलं आहे. अशा माणसाचं रक्त मूळव्याधीतूनच जातं असं गृहीत धरू नये. या वयात दुर्बिणीने मोठं आतडं तपासून कॅन्सर नाही याची खात्री आधी करायची. मग डॉक्टर त्याला कुंथायला सांगतात आणि बाहेर आलेला कोंब बघतात. तो सगळा ओलसर लाल अस्तराचा असेल, तर त्याचं मूळ रेषेच्या वर आहे आणि तिथे बँड बसू शकतो. पण सोबत कातडीचे मोठे लोंबते भागही असतील, तर बँड तिथे लावता येत नाही आणि आतला कोंब गळला तरी ते तसेच राहतात.

समजा, त्याचा कोंब पहिल्या प्रकारचा निघाला. ओपीडीतच, भूल न देता, नळीतून कोंबाच्या मुळाशी छोटा रबर बँड चढवतात. रक्तपुरवठा तुटतो आणि पाच ते दहा दिवसांत कोंब सुकून गळतो. तिथे पडणारा व्रण उरलेलं अस्तर आतल्या भिंतीला चिकटवून ठेवतो. पहिले एक-दोन दिवस संडासला लागल्यासारखं आणि जड वाटतं. तेव्हा कुंथत बसू नये. बँड लावताच जोराची कळ आली, तर तो रेषेच्या अगदी जवळ किंवा तिच्या खाली बसलाय असं समजून तिथेच सांगावं. तो काढून वर लावता येतो. घरी जाऊन सोसण्याची ही गोष्ट नाही. सगळे कोंब एकाच बैठकीत आटोपतीलच असं नाही. महिना-दीड महिन्याने पुन्हा यावं लागू शकतं. तिसऱ्या टप्प्यात ऑपरेशनच्या तुलनेत त्रास परत येण्याची शक्यता बँडनंतर जास्त असते, हे आधीच समजून घ्यावं.

धोका क्वचितच येतो, पण गावात राहणाऱ्याने तो ओळखलाच पाहिजे. कोंब गळताना थोडं रक्त जाणं ठीक. गुठळ्यांसह धार लागली किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करावा. वाढत जाणारं दुखणं, ताप आणि लघवी अडणं ही तीन लक्षणं दिसू लागली, तर आत जंतुसंसर्ग पसरत असू शकतो. अशा वेळी सकाळच्या एसटीची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर बँडच्या आधी डॉक्टरांना सांगावं, कारण गळताना मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

कोंबासोबत बाहेर मोठी कातडी असेल, चौथा टप्पा असेल किंवा बँड लावूनही त्रास राहिला असेल, तर ऑपरेशन बरं. कमरेत भूल देऊन कोंब कापून काढतात आणि दोन जखमांच्या मध्ये निरोगी कातडीच्या पट्ट्या शिल्लक ठेवतात, म्हणजे भरताना द्वार आवळत नाही. बँडच्या मानाने दुखणं बरंच जास्त. पहिली संडास सगळ्यात त्रासाची असते. ती दाबून धरली तर मळ खडा होतो आणि जखम आणखी फाटते. म्हणून इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, दुखण्याच्या गोळ्या वेळेवर आणि कोमट पाण्याच्या टपात दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बसणं. पिवळसर पाणी येणं काही आठवडे चालतं. सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान अचानक रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्या काळात दवाखान्यापासून लांब जाऊ नये. कामावर परतायला दोन ते चार आठवडे लागतात, जखम पूर्ण भरायला त्याहून जास्त. वेचणी सुरू असताना ऑपरेशनची तारीख घेऊ नका. पोती उचलायला घरात दुसरं कोणी असेल तेव्हाच घ्या. ऑपरेशननंतर महिन्या-दोन महिन्यांत संडासची धार बारीक होत गेली, तर द्वार आवळत चाललं आहे. तेव्हा लवकर दाखवलं, तर ते बहुधा सैल करता येतं.