घनमुळाची युक्ती कुठवर चालते?

‘सहा अंकांपर्यंतच्या कोणत्याही संख्येचं घनमूळ दोन सेकंदांत!’

युक्ती खरी, पण फक्त पूर्ण घनांसाठी. १७५६१६ घ्या. शेवटचे तीन अंक सोडले की उरतात १७५. ५ चा घन १२५, ६ चा २१६. म्हणजे घनमूळ पन्नाशीतलं. एकक मिळतो शेवटच्या अंकावरून: घनात २ व ८ आणि ३ व ७ यांची अदलाबदल होते, बाकीचे अंक तेच राहतात. इथे ६, म्हणून ५६.

आता १७५७१६ घ्या. उत्तर पुन्हा ५६च येतं! मधले दोन अंक आपण पाहिलेच नव्हते ना. पडताळा सोपा: ५६ × ५६ = ३१३६, पुन्हा गुणिले ५६ = १७५६१६. म्हणजे १७५७१६ पूर्ण घन नाही. त्याचं घनमूळ ५६ हून किंचित जास्त आहे.