झोंबतं सॅनिटायझर, गुन्हा साबणाचा

"सॅनिटायझरनं हात फाटले, म्हणून मी पुन्हा साबणावर आले," असं माझी एक परिचारिका मैत्रीण सांगत होती. तिच्या बोटांच्या बेचक्यांत लालसर चिरा पडल्या होत्या आणि अंगठीखालची कातडी सोलवटली होती. सॅनिटायझर लावलं की आग होते आणि साबणानं धुतलं की होत नाही, त्यामुळे तिचा निष्कर्ष वरवर बिनतोड होता. पण झोंबणं आणि इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कातडी शाबूत असेल तर अल्कोहोल झोंबत नाही. ते झोंबतं तेव्हा चीर आधीच पडलेली असते, आणि ती बहुधा साबण-पाण्यानं पाडलेली असते.

हे कसं होतं ते कळायला कातडीचा सगळ्यांत वरचा थर पाहायला हवा. हा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. विटांच्या भिंतीसारख्या या पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं हे त्याचे मुख्य घटक. आतलं पाणी बाहेर जाऊ न देण्याचं आणि बाहेरचं आत येऊ न देण्याचं काम प्रामुख्यानं हा गिलावा करतो. साबणाचा रेणू तेलाला धरतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो. कढईचं तेल कुठलं आणि कातडीचा गिलावा कुठला हे त्याला कळत नाही. गरम पाण्यात हे काम आणखी जोरात होतं. तळहाताची कातडी जाड असल्यामुळे ती बराच काळ तग धरते, पण बेचक्या आणि हाताची मागची बाजू पातळ. इसब बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. अंगठीखाली साबण अडकून राहतो, म्हणून तिथेही.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. गिलावा गेला हे कातडीला कळतं कसं? वरच्या थराच्या अगदी खाली जिवंत पेशींची एक ओळ असते. एरवी तिच्याभोवती कॅल्शियम दाटलेलं असतं. भिंतीला भगदाड पडलं की पाणी बाहेर झिरपतं, त्याबरोबर कॅल्शियमही हलतं आणि त्या ओळीत त्याचं प्रमाण घसरतं. ही घसरण म्हणजेच धोक्याची घंटा. त्या पेशी स्निग्ध पदार्थांच्या तयार पुड्या लगेच फटींत रिकाम्या करतात आणि नव्या बनवायला घेतात. मात्र पुडीतला कच्चा माल जसाच्या तसा चालत नाही. त्याचं सिरॅमाइडमध्ये रूपांतर करणारी विकरं आम्लधर्मी वातावरणातच नीट चालतात. निरोगी कातडीचा पीएच 5 च्या आसपास असतो, तर साबणाच्या वडीचा 9 ते 10. म्हणजे साबण गिलावा काढतो आणि वर गवंड्याचे हातही बांधून ठेवतो. (आम्ल हवं म्हणून कुणी लिंबू चोळायला जाऊ नये. त्याचा पीएच 2 च्या जवळ असतो आणि चिरांवर तो निव्वळ छळ आहे.)

तरुण, निरोगी कातडीवर एकदाच भगदाड पाडलं तर अर्ध्याहून जास्त दुरुस्ती साधारण 12 तासांत होते आणि उरलेली व्हायला दोन-तीन दिवस लागतात. आता हे गणित दर पंधरा मिनिटांनी हात धुणाऱ्या माणसाला लावून पाहा. मैत्रिणीनं एका ड्यूटीत कागदावर रेघा मारल्या, तर साबणानं धुणं 34 वेळा आणि सॅनिटायझर 6 वेळा निघालं. दिवसाला 20 पेक्षा जास्त वेळा हात धुणारा माणूस 'ओल्या कामा'चा, म्हणजे इसबाचा धोका असलेला मानण्याची पद्धत आहे.

मग आम्ही त्या 34 रेघा एकेक करून तपासल्या. हात दिसायला मळलेले होते, शौचालयातून आल्यावर, जेवणापूर्वी आणि जुलाबाच्या रुग्णाजवळून आल्यावर, अशा 9 वेळा साबण आवश्यकच होता. जुलाब घडवणारे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत, तिथे तडजोड नाही. उरलेल्या 25 वेळा हात स्वच्छ दिसत होते, तिथे सॅनिटायझर पुरेसं होतं. अल्कोहोलही गिलावा थोडा विस्कळीत करतं, पण ते उडून जातं आणि पाण्यानं धुतलं जात नसल्यामुळे गिलावा बराचसा जागेवर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या सूत्रात कातडीसाठी 1.45 टक्के ग्लिसरॉल मुद्दाम घातलेलं आहे. साबणानंतर लगेच सॅनिटायझर लावायची सवय मात्र सोडायला हवी. ओल्या हातावर ते पातळ होतं आणि कातडीला दुहेरी मार बसतो.

पहिले चार-पाच दिवस तिला आग सोसावी लागली. मग झोंबणं कमी होत गेलं, आणि तेच आमचं मोजमाप ठरलं. कुठे झोंबतं ते पाहिलं की भगदाड कुठे आहे ते समजतं.

स्वयंपाक्याला ही युक्ती फारशी उपयोगी नाही, कारण तेलकट किंवा पिठाळ हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. त्यानं भांडी घासताना हातमोजे घालावेत, आत पातळ सुती मोजे असावेत आणि कोरड्या हातावरच चढवावेत. पण तासन्‌तास नकोत. उंदरांवरच्या प्रयोगात जखमी कातडी हवाबंद वेष्टनानं झाकली तेव्हा दुरुस्ती थंडावली. पाणी झिरपणंच बंद झालं तर घंटा वाजणार कशी? लंगोट बदलणाऱ्या आईबापांनाही प्रत्येक बदलानंतर साबण लागतोच. त्यांनी कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचं द्रव क्लेन्झर वापरावं, बोटांच्या फटी टिपून कोरड्या कराव्यात.

लेप कधी लावायचा? दर धुण्यानंतर लावा असा सल्ला देणारा बहुधा कधी वॉर्डात उभा राहिलेला नसतो. तिनं फक्त तीन वेळा ठरवल्या: जेवणाची सुट्टी, ड्यूटी संपताना आणि झोपताना. कामावर असताना चटकन जिरणारं क्रीम, तर्जनीच्या शेवटच्या पेरभर एका हाताला आणि तेवढंच दुसऱ्या हाताला. ते आधी बेचक्यांत, मग मागच्या बाजूला, शेवटी तळव्यावर लावायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि पातळ जागा कोरड्या राहतात. झोपताना साधी पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे, कारण रात्रीचे सात-आठ तास हाच दुरुस्तीचा सलग वेळ. जेली फटींमध्ये शिरते, पाणी बरंच अडवते, तरी खालची दुरुस्ती थांबवत नाही. 'शंभर टक्के नैसर्गिक' सुगंधी क्रीमची मात्र मला धास्ती वाटते. सुगंधी द्रव्यं नैसर्गिक असली तरी ॲलर्जीच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहेत.

तीन आठवड्यांत तिचे हात चांगले दिसू लागले आणि तिनं जेली बंद केली. दहा दिवसांत चिरा परत आल्या. इसबानंतर कातडी डोळ्यांना बरी दिसली, तरी भिंत पूर्ववत व्हायला आणखी कित्येक आठवडे लागतात. एवढं करूनही दोन आठवड्यांत फरक पडला नाही, पाण्याचे बारीक फोड आले, पू किंवा मधासारखी खपली दिसली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. एकाच हाताला ठरावीक बोटांवर त्रास असेल तर ॲलर्जीची पॅच टेस्ट करावी लागू शकते. स्टेरॉइडचं मलम दाह लवकर शमवतं, पण तेच गिलावा बनवणंही मंदावतं, म्हणून किती दिवस लावायचं ते डॉक्टरनं ठरवावं.

दुसऱ्या खेपेला तिनं जेली तीन महिने चालू ठेवली. अंगठी अजून ड्यूटीवर घालत नाही, गळ्यातल्या साखळीत अडकवते.