टिमसॉर्ट : रन शोधून विलीन करण्याची पद्धत

टिमसॉर्ट हा पायथन या संगणकभाषेत यादीची क्रमवारी लावणारा अल्गोरिदम होय. पायथनमधील `list.sort()` आणि `sorted()` या दोन्हींच्या मागे तोच काम करतो. दिलेल्या माहितीत आधीपासून क्रमाने लागलेले सलग तुकडे असतील तर ते मोडायचे नाहीत, ते हेरून तसेच ठेवायचे आणि शेजारचे तुकडे एकमेकांत विलीन करत जायचे, ही त्याची मूळ कल्पना आहे. अशा सलग तुकड्याला ‘रन’ म्हणतात. क्रमवारी स्थिर राहते, म्हणजे समान ठरणाऱ्या दोन घटकांचा मूळ यादीतील परस्परक्रम बदलत नाही. पुढे येणारे बरेचसे नियम ही स्थिरता टिकवण्याच्या गरजेतूनच आलेले आहेत.

हा अल्गोरिदम टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिला आणि २००३ मध्ये आलेल्या पायथन २.३ पासून तो वापरात आला. त्यापूर्वी पायथनमध्ये नमुना घेऊन यादीची विभागणी करणारी सॅम्पलसॉर्ट आणि लहान तुकड्यांसाठी द्विभाजक अंतर्वेशन, म्हणजे दर वेळी भाग निम्मा करत घटकाची जागा शोधून तो तेथे घालणे, यांची मिश्र पद्धत होती. ‘टिमसॉर्ट’ हे नाव पीटर्स यांनी स्वतःच, आपल्या तांत्रिक टिपणात दिले. मात्र त्यातील कल्पनांचे जनकत्व एकाच व्यक्तीकडे देता येत नाही. विलीनीकरणाने क्रमवारी लावण्याची पद्धत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ च्या सुमारास मांडली असे सामान्यतः मानले जाते. माहितीतील नैसर्गिक रन वापरणारे तिचे रूप डोनाल्ड नुथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१९७३) स्वतंत्रपणे वर्णिलेले आहे. विलीनीकरणात झेपा घेत शोधण्याच्या युक्तीचे श्रेय पीटर्स यांनी पीटर मॅकइलरॉय यांच्या १९९३ च्या निबंधाला दिले आहे, आणि तिच्या मुळाशी असलेली शोधपद्धत बेंटली व याओ यांनी १९७६ मध्ये अभ्यासली होती. त्यामुळे टिमसॉर्टला पूर्णतः नवी पद्धत म्हणण्यापेक्षा, नैसर्गिक विलीनीकरणाला व्यवहारात वेगवान आणि भरवशाची करणारी रचना म्हणणे अधिक योग्य ठरेल. पीटर्स यांचे स्वतःचे योगदान प्रामुख्याने रनची किमान लांबी ठरवण्यात आणि विलीनीकरणाचा क्रम राखण्यात दिसते.

रन दोन प्रकारचे मानले जातात. पहिल्या प्रकारात प्रत्येक घटक आधीच्या घटकाइतका किंवा त्याहून मोठा असतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक घटक आधीच्याहून काटेकोरपणे लहान असतो, आणि असा उतरता रन जागेवरच उलटा करून चढता केला जातो. पुढील यादी पाहावी.

```python
[3, 5, 8, 8, 12, 9, 7, 4, 4, 6, 10]
```

डावीकडून वाचल्यास ३, ५, ८, ८, १२ हा पहिला चढता रन मिळतो. दोन आठ शेजारी असले तरी तो तुटत नाही. नंतर ९, ७, ४ हा उतरता रन लागतो, पण पुढचा ४ आधीच्या ४ पेक्षा लहान नसल्याने तो तेथेच थांबतो. उरलेले ४, ६, १० हा तिसरा रन. उतरत्या रनमध्ये समान घटक घेतले असते तर तो उलटवताना दुसरा ४ पहिल्याच्या आधी गेला असता आणि स्थिरता बिघडली असती. काटेकोर उतरतेपणाची अट याचसाठी आहे. पायथन ३.१३ पासून या बाबतीत थोडी सुधारणा झाली आहे. उतरत्या रनमधील समान घटकांचा गट आधी स्वतंत्रपणे उलटवून घेतला जातो, त्यामुळे संपूर्ण रन उलटवल्यावर त्या गटाचा मूळ क्रम परत मिळतो आणि असे गट असलेला लांब उतरता भाग एकच रन म्हणून धरता येतो.

वरील यादी केवळ रनची ओळख दाखवण्यासाठी घेतली आहे. प्रत्यक्षात ६४ पेक्षा कमी घटकांच्या यादीत विलीनीकरणाची वेळच येत नाही. पहिला रन ओळखून उरलेले घटक द्विभाजक अंतर्वेशनाने त्यात बसवले जातात. मोठ्या यादीत मात्र विस्कळीत माहितीत दोन-तीन घटकांचेच रन सापडतात आणि इतके छोटे तुकडे विलीन करत बसणे परवडत नाही. म्हणून किमान लांबी ठरवली जाते, आणि एखादा नैसर्गिक रन तिच्यापेक्षा आखूड भरला तर पुढचे घटक अंतर्वेशनाने घालून तो तिथवर वाढवला जातो. पीटर्स यांच्या मूळ नियमानुसार यादीच्या एकूण घटकसंख्येचे द्विमान रूप घेऊन त्याचे पहिले सहा अंक ठेवायचे आणि उरलेल्या अंकांत एखादा १ असेल तर त्या सहा अंकी संख्येत एक मिळवायचा. उत्तर ३२ ते ६४ च्या दरम्यान येते. या नियमाचे कारण २,११२ घटकांच्या उदाहरणातून समजते. किमान लांबी ३२ घेतल्यास ६६ तुकडे पडतात. त्यांतील ६४ तुकडे समसमान जोड्यांनी विलीन होत २,०४८ घटकांचा एक मोठा रन बनतो, आणि शेवटी त्याच्यासमोर ६४ घटकांचा एक लहानसा रन उरतो. नियमाप्रमाणे लांबी ३३ येते, तुकडे बरोबर ६४ पडतात आणि विलीनीकरण शेवटपर्यंत समतोल राहते.

रन सापडतील तसे ते एका राशीत, म्हणजे स्टॅकवर, नोंदवले जातात. स्थिरतेसाठी फक्त शेजारचे रनच विलीन करता येतात, आणि खर्च कमी राहण्यासाठी ते शक्यतो सारख्या लांबीचे असावे लागतात. या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी पीटर्स यांनी स्टॅकवरील सलग तीन रनच्या लांबीवर अट घातली होती : पहिला रन पुढच्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा असावा, आणि दुसरा तिसऱ्यापेक्षा मोठा असावा. नवा रन आल्यावर अट मोडली तर ती पुन्हा पाळली जाईपर्यंत विलीनीकरण करायचे.

ही अट मूळ आज्ञावलीत पूर्णपणे पाळली जात नव्हती. २०१५ मध्ये स्टाइन द गाउ, फ्रँक द बुर, राइनर हेनले आदी संशोधकांनी ‘की’ या पडताळणी साधनाने जावा या संगणकभाषेतील टिमसॉर्टची सिद्धता मांडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हा दोष उघड झाला. समजा स्टॅकवर १२०, ८०, २५ आणि २० लांबीचे रन आहेत आणि आता ३० लांबीचा रन आला. २५ ही संख्या २० आणि ३० च्या बेरजेपेक्षा लहान असल्याने २५ आणि २० विलीन होऊन ४५ चा रन होतो. स्टॅकवर आता १२०, ८०, ४५, ३० उरतात. वरच्या तिघांत ८० हे ७५ पेक्षा मोठे आणि ४५ हे ३० पेक्षा मोठे, म्हणून तपासणी तेथे थांबते. पण एक पायरी खाली १२० ही संख्या ८० आणि ४५ च्या बेरजेपेक्षा, म्हणजे १२५ पेक्षा, लहान आहे. अट तेथे मोडलेली असते आणि तिकडे पाहिलेच जात नाही. अट सर्वत्र पाळली जाते असे गृहीत धरूनच स्टॅकची कमाल उंची ठरवलेली असल्याने, जावामध्ये प्रचंड मोठ्या यादीवर स्टॅक अपुरा पडून कार्यक्रम बंद पडू शकत होता. पायथनमध्ये स्टॅकला ८५ जागा होत्या. त्या भरतील इतकी मोठी यादी प्रत्यक्ष यंत्रात मावत नसल्याने तेथे धोका केवळ तात्त्विक होता, तरी तपासणी एक पायरी खोल नेऊन तो दूर करण्यात आला. जावामध्ये त्या वेळी स्टॅकची लांबी वाढवण्याचा उपाय पत्करला गेला. तोही अपुरा असल्याचे २०१८ मध्ये ओझे, जुगे, निको आणि पिव्होतो यांनी दाखवले. तपासणीच दुरुस्त करण्याचा पायथनचा मार्ग अधिक निर्दोष मानावा लागतो. टिमसॉर्टला वाईटात वाईट स्थितीतही `n log n` च्या प्रमाणातच वेळ लागतो, याची संपूर्ण सिद्धताही याच अभ्यासकांच्या कामातून पुढे आली.

विलीनीकरणाचा हा क्रम आता पायथनमध्ये राहिलेला नाही. बस आणि नॉप यांनी दाखवले की काही रनलांबींसाठी मूळ नियमाचा खर्च आदर्श खर्चाच्या सुमारे दीडपट होऊ शकतो. इयन मन्रो आणि सेबास्टियन विल्ड यांनी २०१८ मध्ये मांडलेला ‘पॉवरसॉर्ट’चा नियम पायथन ३.११ पासून स्वीकारला गेला. त्यात शेजारच्या दोन रनच्या सीमेला एक अंक दिला जातो. दोन्ही रनचे मध्यबिंदू संपूर्ण यादीच्या अपूर्णांकांत मांडले असता त्यांच्या द्विमान रूपांत पहिला फरक ज्या स्थानी पडतो, ते स्थान म्हणजे हा अंक. मोठा अंक असलेली सीमा आधी मिटवली जाते. वरील पाच रन मिळून २७५ घटक होतात, आणि त्यांच्या चार सीमांना अनुक्रमे १, २, ४ आणि ३ हे अंक मिळतात. म्हणून येथेही २५ आणि २० प्रथम विलीन होतात, त्यानंतर ३० चा रन, मग ८० चा आणि शेवटी १२० चा जोडला जातो. रन शोधणे आणि प्रत्यक्ष विलीन करणे हे भाग या बदलानंतरही पीटर्स यांच्या रचनेनुसारच राहिले आहेत.

दोन रन विलीन करण्यापूर्वी, दुसऱ्याचा पहिला घटक पहिल्या रनमध्ये कोठे बसतो आणि पहिल्याचा शेवटचा घटक दुसऱ्यात कोठे बसतो हे शोधले जाते. त्या जागांच्या बाहेरचे घटक हलवावेच लागत नाहीत. उरलेल्या भागांतील लहान भाग तात्पुरत्या स्मृतीत उतरवला जातो, म्हणून जास्तीची जागा निम्म्या यादीपेक्षा अधिक लागत नाही. घटक एकेक करून तुलनेने उचलले जातात, पण एकाच रनमधील घटक सलग सात वेळा निवडले गेले की झेपा सुरू होतात : १, ३, ७, १५ अशा वाढत्या अंतरांवर पाहून मग मधल्या टप्प्यात द्विभाजक शोध घेतला जातो. झेपांचा उपयोग होत नसेल तर सातची ही मर्यादा वाढवली जाते, होत असेल तर कमी केली जाते.

याचा लाभ मोजून पाहता येतो. क्रमाने लागलेल्या ९,९९० नोंदींच्या शेवटी दहा नव्या, विस्कळीत नोंदी जोडल्या, तर पहिला रन ओळखायला ९,९९० च्या आसपास तुलना लागतात. शेवटच्या दहा नोंदी अंतर्वेशनाने लागतात, विलीनीकरणात तात्पुरत्या स्मृतीत फार तर त्या दहाच नोंदी जातात, आणि एकूण तुलना दहा हजारांहून काहीशेच अधिक होतात. पूर्णपणे विस्कळीत दहा हजार घटकांना कोणत्याही तुलनाधिष्ठित पद्धतीत सरासरीने सुमारे १,१८,००० तुलना लागतातच. तेथे टिमसॉर्टलाही सूट मिळत नाही. मोठे आणि लहान घटक आलटूनपालटून येणाऱ्या यादीतही रन फार आखूड पडतात आणि पद्धत साध्या विलीनीकरणाच्या पातळीवर येते.

रन ओळखणे हे सर्वस्वी ‘पुढचा घटक लहान आहे का’ या एका प्रश्नावर अवलंबून असल्याने, तुलना सुसंगत नसेल तर निष्कर्ष फसतो. दशांश संख्यांमधील `nan` हे मूल्य कोणत्याही संख्येपेक्षा लहान किंवा मोठे ठरत नाही.

```python
>>> sorted([3, float('nan'), 1])
[3, nan, 1]
```

येथे `nan` हे ३ पेक्षा लहान नाही आणि १ हा `nan` पेक्षा लहान नाही, म्हणून तिन्ही घटकांचा एकच चढता रन धरला जातो आणि यादी जशीच्या तशी परत मिळते. त्रुटीचा कोणताही संदेश येत नाही. क्रमवारी लावलेल्या यादीत शेजारचे दोन साधे अंक उलट क्रमाने दिसले तर प्रथम `nan` शोधावे, आणि अशी मूल्ये क्रमवारीपूर्वीच `math.isnan()` ने वेगळी काढावीत.