उशीच्या अभ्र्यावरचं तेल आणि पलंगामागच्या भिंतीवरचा पिवळा डाग

ताज्या खोबरेल तेलाचा थेंब पांढऱ्या कापडावर पडला, तर कापड तेवढ्या जागी ओलसर आणि पारदर्शक दिसतं, पिवळं दिसत नाही. तरीही गोव्यातल्या ज्या घरांत रोज डोक्याला तेल लागतं, तिथले जुने अभ्रे मधोमध पिवळेधमक झालेले असतात. हा पिवळा रंग नंतर तयार होतो. डाग काढताना आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी काढायच्या असतात, एक तेल आणि दुसरा हा रंग. त्या एकाच उपायाने निघत नाहीत, आणि त्यांचा क्रम चुकला तर दुसरी जवळजवळ निघतच नाही.

खोबरेल तेलातली सुमारे 90 टक्के मेदाम्लं संपृक्त असतात, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी ती सहजासहजी संयोग पावत नाहीत. खरी गडबड त्या तेलात मिसळणारा आपल्या टाळूचा स्निग्ध स्राव करतो. त्यात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो आणि त्याच्या रेणूत सहा ठिकाणी दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन नेमका तिथे शिरतो. हळूहळू रेणू तुटतात, काही एकमेकांना चिकटून मोठे होतात, काही घामातल्या प्रथिनांच्या तुकड्यांशी जोडले जातात, आणि या मिश्रणाला पिवळा ते तपकिरी रंग येतो. जुन्या अभ्र्याला येणारा खवट वास याच प्रक्रियेतून येतो. माका, ब्राह्मी, जास्वंदीची पानं घालून घरी कढवलेल्या तेलात पानांमधलं हरितद्रव्यही उतरतं. ते स्वतः कापड रंगवतंच, शिवाय उजेडात तेल खवट होण्याचा वेग वाढवतं. म्हणून तेलकट अभ्रा न धुता उन्हात टाकणं किंवा त्यावरून इस्त्री फिरवणं म्हणजे रंग पक्का करणं होय.

फोंड्याला आमच्या शेजारच्या काकूंकडचा एक पांढरा सुती अभ्रा उदाहरणादाखल घेते. तो दर आठवड्याला धुतला जायचा, तरी मधला पिवळा पट्टा तसाच. काकू म्हणाल्या, "अगं, ब्लीच घालून बघितलं, आणखीच पिवळा झाला." त्यामागे दोन कारणं असावीत. तेलाच्या थराखाली ब्लीच पोचत नाही, हे एक. दुसरं असं, की जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात कित्येकदा लोह असतं. क्लोरीनच्या ब्लीचने ते लोह गंजाच्या रूपात बाहेर येऊन कापडावर बसतं.

कापडात तेल उरलंय की नाही, हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याच्या थेंबाला कळतं. काकूंचा धुऊन वाळवलेला अभ्रा ओट्यावर पसरला आणि बोटाने एक थेंब कडेच्या पांढऱ्या भागावर सोडला. तो क्षणात पसरून जिरला. दुसरा थेंब मधल्या पट्ट्यावर सोडला, तो गोल मण्यासारखा कापडावर बसून राहिला. म्हणजे इतक्या धुण्यांनंतरही तेल तिथेच होतं.

पहिलं काम तेल काढण्याचं. कोरड्या अभ्र्यावर भांडी घासायचं लिक्विड थेट ओतायचं आणि बोटांनी चोळून अर्धा तास ठेवायचं. अभ्रा आधी भिजवायचा नाही, कारण धाग्यांत पाणी भरलं की लिक्विड पातळ होतं आणि तेलाशी नीट भिडत नाही. मग बादलीत उकळतं आणि नळाचं पाणी सारख्या प्रमाणात घ्यायचं, ते साधारण 60 अंशांवर येतं. चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर घालून अभ्रा तासभर बुडवून ठेवायचा. गरम पाणी का, तर खोबरेल तेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीच्या पहाटे बाटलीत गोठलेलं तेल गोव्यात सगळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि थंड पाण्यात धुतलं की अभ्र्यातही तेच होतं. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे खवट तेलातल्या मोकळ्या मेदाम्लांचा साबण होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. बाजारातल्या अनेक केशतेलांत मात्र खनिज तेल असतं. त्याचा साबण होत नाही, ते फक्त लिक्विडनेच सुटतं. म्हणून पहिली पायरी वगळायची नाही.

खळबळून, वाळवून पुन्हा थेंब सोडायचा. तो जिरला तरच पुढे जायचं, नाहीतर हेच पुन्हा करायचं.

आता उरतो तो निव्वळ रंग. त्यासाठी सोडियम परकार्बोनेट वापरायचं. ते ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं, पाकिटावर हेच नाव शोधायचं. पाण्यात ते हायड्रोजन पेरॉक्साईड सोडतं आणि पेरॉक्साईड त्या पिवळ्या रेणूंमधले रंग देणारे बंध मोडतं. पुन्हा चार लिटर तसंच गरम पाणी, दोन मोठे चमचे पावडर, आणि अभ्रा रात्रभर बुडवलेला. त्यात व्हिनेगर किंवा क्लोरीनचं ब्लीच घालायचं नाही, आणि उरलेलं पाणी बाटलीत भरून झाकण लावायचं नाही, आत वायू साठून बाटली फुटू शकते. काकूंच्या अभ्र्याचा पट्टा असा फिकट होत होत सायीच्या रंगाइतका उरला. पॉलिएस्टरचा अभ्रा असता तर इतकंही साधलं नसतं, कारण त्या धाग्याला पाण्यापेक्षा तेल जवळचं. रेशीम आणि लोकर यांना सोडा आणि परकार्बोनेट दोन्ही वर्ज्य.

भिंतीची गोष्ट अवघड आहे, कारण भिंत बादलीत बुडवता येत नाही. उशाकडे टेकून बसल्यावर डोक्याचं तेल रंगातून पुट्टीच्या आणि गिलाव्याच्या बारीक छिद्रांत ओढलं जातं. वरून पुसून फक्त पृष्ठभाग स्वच्छ होतो. आधी कोपऱ्यात ओलं फडकं घासून बघावं. फडक्यावर रंगाची भुकटी आली तर डिस्टेंपर आहे, तिथे पाणी लावून घासू नये.

आत गेलेलं तेल ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने बाहेर ओढावं लागतं. हार्डवेअरच्या दुकानातली खडूची पावडर मिनरल टर्पेंटाइनमध्ये घट्ट श्रीखंडासारखी कालवावी, डागावर अर्धा सेंटिमीटर जाड थापावी आणि वर प्लास्टिक चिकटवून एक दिवस ठेवावी. इथेही आधी कोपऱ्यात चाचणी हवी. खोली उघडी हवी, जवळ समई किंवा उदबत्तीही नको. टर्पेंटाइन छिद्रांत शिरून तेल विरघळवतं. प्लास्टिक काढलं की ते पृष्ठभागाकडे येत उडून जातं आणि तेल पावडरीत सोडतं. सुकलेली पावडर झाडली की तिची भिंतीकडची बाजू पिवळट दिसते. ती पांढरी निघेपर्यंत लेप पुन्हा द्यावा. मुलतानी मातीही तेल शोषते, पण पांढऱ्या भिंतीवर तिचाच रंग राहू शकतो.

हे न करता वरून पाण्याचा रंग मारला तर दोनपैकी एक घडतं. ओला रंग त्या जागेवरून मागे सरकून गोल छिद्रं पडतात, किंवा रंग नीट बसतो आणि काही दिवसांनी त्यातून पिवळा डाग पुन्हा वर येतो. लेपानंतरही पिवळट छटा राहिली असेल, तर तेवढ्या भागावर सॉल्व्हंटचा प्रायमर द्यावा. तो पाण्यात मिसळणारा नसावा. हे काम पावसाळ्यात करू नये, ओल आत कोंडून प्रायमरला फुगे येतात. दिवाळीनंतर भिंत सुकली की करावं.

जुन्या चिरेबंदी घरांतल्या चुन्याच्या भिंतीला मात्र प्रायमर लावू नये, तिला श्वास घ्यायला जागा लागते. तिथे चुना आणि मेदाम्लं मिळून कॅल्शियमचा साबण होतो. तो पाण्यात विरघळत नाही, उलट पाणी झटकतो, म्हणून त्यावर दिलेला चुन्याचा हात पापुद्र्यासारखा सुटतो. तेवढा भाग खरवडून, नवा चुन्याचा गिलावा भरून, तो सुकल्यावर चुन्याचा हात देणं हाच तिथला उपाय.