अर्धशिशीने खाल्लेले दिवस : ‘मायडास’ प्रश्नावलीची पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ साली डोकेदुखीचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. अर्धशिशी कशाला म्हणायचं, याचे नेमके निकष त्यामुळे पहिल्यांदाच सगळ्या देशांना सारखे मिळाले. दुखणं किती तास टिकतं, एका बाजूला ठणकतं का, मळमळ होते का, उजेड आणि आवाज सहन होतो का, हे विचारून निदान करता येऊ लागलं. पण निदान सारखं असलेल्या दोन माणसांची परिस्थिती एकसारखी नसते. एकाला दोन महिन्यांतून एकदा झटका येतो आणि गोळी घेऊन तो कामाला लागतो. दुसरी बाई महिन्यातले सहा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून असते. हा फरक मोजायची सोय त्या वर्गीकरणात नव्हती.

तेव्हा तिची फारशी निकडही नव्हती, कारण देण्यासारखी औषधं मोजकीच होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सुमाट्रिप्टान आलं, मागोमाग त्याच गटातली आणखी औषधं आली आणि चित्र बदललं. ट्रिप्टान खास अर्धशिशीसाठी बनवलेली होती आणि महाग होती. ती कोणाला लगेच द्यायची आणि कोणाला आधी साधी वेदनाशामक देऊन बघायची, हा रोजच्या ओपीडीतला प्रश्न झाला. प्रचलित पद्धत पायरीपायरीने चढायची होती : स्वस्त औषधापासून सुरुवात करायची आणि ते लागू पडलं नाही तर वरचं द्यायचं. यात नुकसान व्हायचं ते सगळ्यात जास्त त्रास असलेल्या रुग्णाचं. दोन-तीन औषधं वाया गेली की तो डॉक्टरांकडे येणंच सोडून द्यायचा.

रुग्णाच्या त्रासाचा अंदाज डॉक्टरांना येत नव्हता, हीसुद्धा अडचण होती. डोकेदुखीचा रुग्ण बहुधा दोन झटक्यांच्या मधल्या चांगल्या दिवशी तपासायला येतो. तपासणीत काही सापडत नाही, एमआरआय केलं तर तेही नॉर्मल. ‘खूप दुखतं हो’ एवढ्या बोलण्यावरून काय ठरवणार?

अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ वॉल्टर स्ट्युअर्ट आणि मेंदूविकारतज्ज्ञ रिचर्ड लिप्टन यांनी लोकसंख्येच्या पातळीवर अर्धशिशीचं सर्वेक्षण केलेलं होतं. आजाराने बुडालेलं काम मोजण्याची जुनी रीत त्यांना माहीत होती : पूर्ण बुडालेले दिवस घ्यायचे आणि दुखत असताना केलेल्या कामाच्या दिवसांना ‘किती टक्के काम झालं’ या हिशेबाने घट लावायची. ही रीत संशोधनाला ठीक आहे. पण दवाखान्यात बसलेल्या माणसाला ‘त्या दिवशी तुमची कार्यक्षमता किती टक्के होती’ असं विचारलं तर तो गोंधळतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हे सगळं पाच प्रश्नांत बसवलं आणि टक्क्यांऐवजी एकच रेघ ठेवली : काम निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलं का? हीच ‘मायग्रेन डिसॅबिलिटी असेसमेंट’, म्हणजे ‘मायडास’ प्रश्नावली.

प्रश्न मागच्या तीन महिन्यांबद्दल आहेत. डोकेदुखीमुळे किती दिवस नोकरी किंवा शाळा-कॉलेज बुडालं, हा पहिला. किती दिवस तिथे जाऊनही काम निम्म्याने किंवा जास्त घटलं, हा दुसरा, आणि यात पहिल्या प्रश्नातले दिवस धरायचे नाहीत. तिसरा आणि चौथा प्रश्न हेच दोन मुद्दे घरकामाबद्दल विचारतात. पाचवा, घरच्या कार्यक्रमांना, लोकांत मिसळायला किंवा विरंगुळ्याला किती दिवस मुकावं लागलं, याचा. पाचही आकड्यांची बेरीज म्हणजे गुण. ० ते ५ ही पहिली श्रेणी, म्हणजे जवळपास अडथळा नाही. ६ ते १० सौम्य, ११ ते २० मध्यम आणि २१ पासून पुढे तीव्र.

खाली ‘अ’ आणि ‘ब’ असे आणखी दोन प्रश्न असतात : तीन महिन्यांत एकूण किती दिवस डोकं दुखलं आणि ० ते १०च्या मापावर सरासरी किती दुखलं. हे बेरजेत धरत नाहीत. म्हणून पुष्कळ ठिकाणी ते रिकामेच राहतात, आणि अर्थ लावताना नेमके तेच लागतात.

तीन महिन्यांची मुदत ही तडजोड होती. एका महिन्याचं विचारलं तर आठवण चांगली राहते, पण तो महिना नेमका बरा किंवा वाईट गेलेला असू शकतो. वर्षाचं विचारलं तर सगळं अंदाजाने सांगितलं जातं. तीन महिन्यांची आठवण कितपत खरी, हे तपासायला ९० दिवस रोज डायरी लिहून घेतली आणि शेवटी प्रश्नावली भरायला दिली. दोन्हींतला सहसंबंध ०.६३ निघाला; तंतोतंत मेळ असता तर तो १ आला असता. माणसाच्या आठवणीवर चालणाऱ्या साधनासाठी हा आकडा चांगला आहे, पण एकेका रुग्णाच्या बाबतीत चूक सहज होऊ शकते, हेही त्यातून कळतं. भरून घेताना ‘मागचे तीन महिने’ म्हणण्यापेक्षा ‘गणपतीपासून आजपर्यंत’ असं एखादं ठळक टोक दिलं तर आकडे जास्त भरवशाचे येतात.

प्रश्नावलीला वजन आलं ते २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्क’ चाचणीने. श्रेणी दोन ते चारमधल्या सुमारे साडेआठशे रुग्णांचे तीन गट केले. एका गटात गुण बघूनच औषध ठरवलं : श्रेणी दोनला ॲस्पिरिन आणि सोबत मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड, श्रेणी तीन आणि चारला थेट झोल्मिट्रिप्टान. उरलेल्या दोन गटांत सगळ्यांना आधी ॲस्पिरिनची जोडी दिली. त्यातल्या एका गटात पहिल्या तीन झटक्यांत गुण आला नाही तर पुढच्या झटक्यांना झोल्मिट्रिप्टान, आणि दुसऱ्यात त्याच झटक्यात दोन तासांनी आराम नसेल तर झोल्मिट्रिप्टान. दोन तासांत आराम पडण्याचं प्रमाण गुण बघून औषध दिलेल्या गटात जवळपास ५३ टक्के आलं, तर पायऱ्यांच्या दोन गटांत सुमारे ४१ आणि ३६ टक्के. दुष्परिणामही पहिल्या गटात जास्त होते. कोण कोणतं औषध घेतंय हे लपवलेलं नव्हतं, आणि चाचणीचा खर्च झोल्मिट्रिप्टान बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेका कंपनीचा होता, हे दोन्ही लक्षात ठेवूनच निष्कर्ष वाचायला हवा. तरी जास्त दिवस वाया जाणाऱ्याला पहिल्याच भेटीत जोरकस औषध द्यावं, हा विचार तिथून रुजला.

आता एक भरलेला फॉर्म बघू. समजा, एका शिक्षिकेचे आकडे असे आहेत : शाळा बुडाली २ दिवस, शाळेत जाऊनही निम्मं काम ६ दिवस, घरकाम झालंच नाही ३ दिवस, घरकाम निम्म्यावर आलं ५ दिवस, कार्यक्रम चुकले २. बेरीज १८, श्रेणी मध्यम. ‘अ’ला १४, ‘ब’ला ७. आता तिने सूचना न वाचता दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे दिवस आणि चौथ्यात तिसऱ्याचे दिवस धरले असते, तर आकडे २, ८, ३, ८, २ झाले असते. बेरीज २३, श्रेणी तीव्र. आजार तोच, पण पाच दिवस दोनदा मोजले गेले. भरताना होणारी नेहमीची चूक हीच. ती ओळखायची खूण सोपी आहे : पहिल्या दोन प्रश्नांची बेरीज, किंवा तिसऱ्या-चौथ्याची बेरीज, ‘अ’पेक्षा जास्त येऊ शकत नाही. इथे ३ आणि ८ मिळून ११ होतात, ते १४च्या आतच आहेत, त्यामुळे ही खूण प्रत्येक वेळी चूक पकडत नाही. फॉर्म हातात घेऊन तोंडी विचारण्याला पर्याय नाही.

आणखी एक गैरसमज : १८ गुण म्हणजे १८ दिवस नव्हेत. एकाच दिवशी शाळा बुडाली, स्वयंपाक झाला नाही आणि संध्याकाळचं लग्न चुकलं, तर त्या एका दिवसाचे तीन गुण होतात. उलट बाजूने, नोकरी न करणाऱ्या गृहिणीचे पहिले दोन आकडे शून्यच राहतात. तिला तेवढाच त्रास असला तरी बेरीज कमी येते. त्यातून ‘घरकाम बुडालं का?’ या प्रश्नावर आपल्याकडच्या बायका पटकन ‘नाही’ म्हणतात, कारण डोक्याला फडकं बांधून का होईना, पोळ्या त्यांनी केलेल्या असतात. ‘त्या दिवशी नेहमीची किती कामं राहिली? कोणी दुसऱ्याने केली का?’ असं विचारलं की चौथ्या प्रश्नाचा खरा आकडा बाहेर येतो. गृहिणीची श्रेणी वाचताना ही कमतरता धरूनच उपचार ठरवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘अ’ आणि ‘ब’चा उपयोग इथेच होतो. २५ गुण, १० दिवस डोकेदुखी आणि तीव्रता ८ असेल, तर झटके कमी पण जबरदस्त आहेत. झटक्यावरचं औषध सुधारणं हे पहिलं काम. तेच २५ गुण, ६० दिवस डोकेदुखी आणि तीव्रता ४ असेल, तर महिन्याला २० दिवस डोकं दुखतंय. तिथे आधी विचारायचं ते गोळ्यांबद्दल : महिन्यातले १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान, किंवा १५ किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकेदुखी वाढलेली असू शकते. आणखी जोरकस गोळी दिली तर ती भरच घालेल.

दीर्घकालीन अर्धशिशीच्या रुग्णांत जवळपास सगळेच २१च्या पुढे जातात, म्हणून पुढे चौथ्या श्रेणीचे दोन भाग केले गेले : २१ ते ४० आणि ४१पासून पुढे.

२००३च्या सुमारास ‘हिट-६’ ही सहा प्रश्नांची दुसरी प्रश्नावली आली. ती दिवस मोजत नाही. ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंतच्या उत्तरांना ६, ८, १०, ११ आणि १३ गुण देते. एकूण ३६ ते ७८ मिळतात, आणि ६०पासून पुढे तीव्र परिणाम. थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं हे तिच्यात येतं, जे मायडासमध्ये येत नाही. लहान मुलांसाठी सिनसिनाटीत ‘पेडमायडास’ तयार झाली. तिच्यात शाळा, घर आणि खेळ यांचे प्रश्न आहेत, आणि श्रेणींच्या रेघा वेगळ्या आहेत, म्हणून मोठ्यांचा तक्ता मुलांना लावू नये.

गेल्या काही वर्षांत सीजीआरपी या अर्धशिशीशी संबंधित प्रथिनाला रोखून झटके टाळणारी इंजेक्शनं आली आणि गुणांना प्रवेशपत्रासारखं महत्त्व आलं. अमेरिकन हेडेक सोसायटीच्या २०२१च्या मार्गदर्शनात, महिन्याला ४ ते ७ दिवस डोकेदुखी असेल तर ही इंजेक्शनं सुरू करण्यासाठी मायडास किमान ११ किंवा हिट-६ पन्नासच्या वर असणं ही एक अट घातली गेली. उपचार चालू ठेवावेत का, यालाही मोजमाप दिलं : सुरुवातीला ११ ते २० गुण असतील तर किमान ५ गुणांची घट आणि २०च्या वर असतील तर किमान ३० टक्के घट. वरच्या शिक्षिकेने प्रतिबंधक औषध तीन महिने नियमित घेतलं आणि पुढचा फॉर्म १, ३, १, ३, १ असा आला, तर बेरीज ९ होते. घट ९ गुणांची, म्हणजे औषध लागू पडलंय.

दुसरा फॉर्म मात्र औषध सुरू करून पूर्ण तीन महिने झाल्यावरच भरून घ्यावा. सहाव्या आठवड्यात भरला तर निम्मा काळ औषधाआधीचा येतो आणि चांगलं औषधही निकामी ठरतं. सुट्ट्यांचंही तसंच. आधीचा फॉर्म परीक्षांच्या दिवसांतला आणि नंतरचा मे महिन्याच्या सुट्टीतला असेल, तर शाळेचे दोन्ही आकडे आपोआप खाली येतात. अशा वेळी बेरजेआधी ‘अ’ बघावा : १४वरून ७वर आला असेल तर सुधारणा खरी, १३च राहिला असेल तर ती सुट्टीची.