ऐंशी मुंग्या, पण मत एकच

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रकल्प हमखास दिसतो: मुंग्यांना कोणता पदार्थ जास्त आवडतो? चार झाकणांत चार पदार्थ, तासाभराने मोजणी आणि अहवालात निष्कर्ष, ‘साखरेवर सर्वाधिक मुंग्या, म्हणून मुंग्यांना साखर सर्वाधिक आवडते.’ प्रकल्प मला मनापासून आवडतो. त्यातला ‘म्हणून’ मात्र घाईचा आहे.

नेहमीची काळजी बहुतेक मुलं घेतात. प्रत्येक पदार्थ सारखाच, म्हणजे सुई काढलेल्या सिरिंजने १ मिली, कापसाच्या बोळ्यावर. बोळा हवाच, नाहीतर मुंग्या तेलात अडकून मरतात. साखर कोरडी न ठेवता १०० मिली पाण्यात २० ग्रॅम विरघळवून घ्यायची, कारण कामकरी मुंगी घन पदार्थ गिळू शकत नाही, ती द्रवच पिते. तेल आणि अंड्याचा कच्चा पांढरा बलक ओलेच असतात. चौथ्या झाकणात नुसतं पाणी. उन्हाळ्यात मुंग्या पाण्यासाठीही येतात, तेव्हा ओलाव्याचा भाग किती हे या झाकणावरून कळतं. चारही झाकणं कागदावर, वारुळाच्या तोंडापासून ५० सेंमीवर, सगळी सावलीत.

तरीही चाचणी फसू शकते, आणि फसवणारी खुद्द मुंगी असते. अन्न सापडलेल्या पहिल्या मुंगीकडे नीट बघा. ती पोट भरून पिते, पोट फुगून त्याचे पट्टे ताणलेले दिसतात. परतताना ती पोटाचं टोक कागदाला पुन्हा पुन्हा टेकवत जाते. हा वाटेचा गंध, फेरोमोन. वारुळातल्या दुसऱ्या मुंग्या त्या वासावरून येतात, पितात आणि परतताना त्यात भर घालतात. अनेक जातींत हे असंच चालतं. वास वाढला की मुंग्या वाढतात, मुंग्या वाढल्या की वास.

ब्रुसेल्समध्ये देनूबूर्ग, गॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९-९०च्या सुमारास हे फार सुरेख दाखवलं. अर्जेंटाइन मुंग्यांचं वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये त्यांनी अगदी सारख्या लांबीच्या दोन फांद्यांचा पूल ठेवला. रहदारी निम्मी-निम्मी वाटली जायला हवी होती. झालं असं की थोड्या वेळात जवळजवळ सगळ्या मुंग्या एकाच फांदीवरून जाऊ लागल्या. कोणती फांदी, हे सुरुवातीच्या काही मुंग्यांच्या योगायोगावर ठरे. मुंग्यांचा प्रतिसाद वासाच्या सरळ प्रमाणात नसतो, साधारण त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वास पुरेसा साचल्यावर एका वाटेवर तो दुप्पट असेल, तर तिकडे वळणाऱ्या मुंग्या जवळपास चौपट. त्यामुळे छोटासा फरकही फुगत जातो.

आता प्रकल्पाकडे या. समजा साखरपाण्यावर ८० मुंग्या आहेत आणि अंड्यावर ५. ही ८० मुंग्यांची ८० स्वतंत्र मतं नाहीत, कारण बहुतेकजणी आधीच्या मुंगीच्या मागे आल्या आहेत. एक फेरी म्हणजे वारुळाचं एक मत.

म्हणून पाण्याच्या झाकणाबरोबर आणखी एक तुलना लागते आणि ती क्वचितच कुणी करतं: चारही झाकणांत तेच साखरपाणी. तिथेही एका झाकणावर झुंबड उडाली आणि बाकी ओस पडली, तर तेवढा फरक पदार्थ सारखे असतानाही पडतो हे सिद्ध झालं. मग आपली ८० विरुद्ध ५ एकट्याने काहीच सांगत नाही.

उपाय म्हणजे फेऱ्या. चार दिवस, रोज त्याच वेळी एक फेरी आणि दर फेरीला झाकणांच्या जागा अशा फिरवायच्या की प्रत्येक पदार्थ चारही जागांवर एकेकदा येईल. खालचा कागद दर वेळी नवा, कारण जुन्यावर कालची वाट शिल्लक असू शकते. दर ५ मिनिटांनी फोटो काढून त्यावरून मोजायचं. पाणी सोडून उरलेल्या तिघांत खरा फरक नसेल, तर चारही फेऱ्या एकाच पदार्थाने जिंकण्याची शक्यता २७ मध्ये १ आहे. यावर निष्कर्ष बेतता येतो, पण बेताचाच. आठ फेऱ्या केल्या तर उत्तम.

आणि मुंग्यांचा रंग. घरात काळ्या मुंग्या निघाल्या की लक्ष्मी येणार, लाल निघाल्या की संकट, असं आजही सांगितलं जातं. रंग जातीनुसार ठरतो. मुंग्या घरात शिरतात त्या अन्न, पाणी किंवा कोरडी जागा शोधत. अहवालात मात्र रंग, आकार आणि चालण्याची ढब जरूर लिहा, कारण जात बदलली की आवडही बदलते.

ती एकाच वारुळातही बदलते. कामकरी मुंग्यांना हिंडण्याफिरण्यासाठी साखर पुरते, वाढत्या अळ्यांना प्रथिनं लागतात. वारुळात अळ्या भरपूर असताना अंड्याचं झाकण पुढे जाऊ शकतं. तसं झालं तर तो प्रयोगातला बिघाड समजून फेरी गाळू नका. तारखेसकट ती तक्त्यात ठेवा आणि निष्कर्षात लिहा: या वारुळाने, या आठवड्यात, या तीन पदार्थांपैकी हा निवडला.